बाईंना, सरांना, काकांना मराठीत ईमेल : मायना काय घालायचा आणि शेवट कसा करायचा

शाळेत पत्रलेखनाला गुण असतात, म्हणून मायना आणि समारोप पाठ केला जातो. गुण मिळतात आणि पाठांतर विसरलं जातं. मग एक दिवस कॉलेजच्या बाईंना शिफारसपत्र मागायचं असतं, किंवा गिरगावातल्या ऐंशीच्या पुढच्या काकांना बारशाचं आमंत्रण पाठवायचं असतं, आणि जीमेलच्या कोऱ्या चौकटीत पहिली ओळच सुचत नाही. 'डिअर मॅडम'चं 'प्रिय मॅडम' केलं जातं आणि तिथूनच गाडी रुळावरून घसरते.

मराठीत आदर तीन जागी दिसतो : मायन्यात, मजकुरातल्या सर्वनाम-क्रियापदात आणि समारोपात. तिन्ही जागी तो एकाच पायरीवर असावा लागतो. मायना वरच्या पायरीवर आणि शेवट खालच्या, असं झालं की वाचणाऱ्याला खटकतं. नेमकं काय खटकलं ते त्यालाही सांगता येत नाही. खाली जे सांगितलं आहे ते ही पायरी ठरवण्याबद्दल आणि शेवटपर्यंत न सोडण्याबद्दल आहे.

लिहायला बसण्याआधी जवळ काय हवं

- त्या व्यक्तीला तुम्ही समोरासमोर काय म्हणता, तो शब्द. सर, बाई, मॅडम, टीचर, काका, मावशी, आजोबा, जो असेल तो.
- त्यांची आधीची एखादी मेल किंवा मेसेज असेल तर तो. त्या स्वतः खाली सही काय करतात ते बघा.
- युनिकोडमध्ये टाइप होणारा मराठी कीबोर्ड. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करून मेलमध्ये चिकटवलं तर समोर अक्षरांची खिचडी दिसते.
- मेलची आपोआप येणारी सही बंद केलेली. मराठी मेलखाली इंग्रजीत 'रिगार्ड्स' आणि कंपनीचं बोधचिन्ह आलं की वरचा सगळा नमस्कार वाया जातो.

१. आधी हाक ठरवा, विशेषण नंतर

मुंबईत हे जरा गुंतागुंतीचं आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत 'बाई' आणि 'सर', इंग्रजी माध्यमात 'टीचर', कॉलेजात 'मॅडम', सोसायटीत 'काका-काकू', आणि हल्ली 'अंकल-आंटी'. नियम साधा ठेवा : तोंडाने जी हाक मारता तीच मेलमध्ये लिहा. ज्यांना दहा वर्षं 'बाई' म्हटलं त्यांना मेलमध्ये 'महोदया' केलं तर त्यांना वाटेल, ही मुलगी कुठल्या ऑफिसातून लिहिते आहे? 'महोदय' आणि 'महोदया' हे अनोळखी अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवा. 'सरजी' मात्र कुणालाच नको. 'गुरुजी' मराठीत रुळलेला आहे, 'सरजी' हिंदीतून आलेला आहे आणि मराठी पत्रात तो थट्टेचा वाटतो.

हाक ठरली की तिच्याआधी एकच विशेषण लावा. शिक्षकांना 'आदरणीय' पुरतं. ज्यांच्याकडे खरोखर गुरू म्हणून वर्षानुवर्षं शिकलात, गाणं असो की संशोधन, त्यांना 'गुरुवर्य' शोभतं. इथे शुद्धलेखन सांभाळा : सुटा शब्द 'गुरू' मराठीत दीर्घ लिहितात, पण समासात पहिलं पद आलं की 'गुरुवर्य', 'गुरुजन' असं ऱ्हस्व होतं. मराठीच्याच शिक्षकांना लिहिताना ही चूक झाली तर मायन्यावरच लाल रेघ ओढली गेली म्हणून समजा.

'प्रिय' बरोबरीच्यांना आणि लहानांना लावतात. बाईंनी तुम्हाला 'प्रिय' लिहिणं योग्य, तुम्ही बाईंना लिहिणं नाही. विशेषणांची चळतही नको. 'परमपूज्य आदरणीय मा. श्री. सर' असं लिहिलं की ते सत्काराच्या फलकावरून उतरवल्यासारखं दिसतं. 'डॉ.' किंवा 'प्रा.' लावलं की 'श्री.' लागत नाही, आणि नुसतं 'आदरणीय सर' लिहिलं तर यांतलं काहीच लागत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी जुना भेद अजून उपयोगी आहे. 'तीर्थरूप' म्हणजे 'ती.' हे स्वतःच्या आईवडिलांना, आणि 'तीर्थस्वरूप' म्हणजे 'ती. स्व.' हे आईवडिलांसारख्या इतर वडीलधाऱ्यांना. आज बरेच जण सगळ्यांनाच 'ती.' लिहितात आणि त्यावरून कुणी रागावत नाही. पण काका जुन्या वळणाचे असतील तर 'ती. स्व. काकांस' बघून ते नक्की सुखावतील.

२. 'सौ.', 'श्रीमती' आणि 'गं. भा.' : इथे थांबा

सगळ्यांत जास्त दुखावणं इथे होतं. 'सौ.' लिहायचं तर त्या बाई विवाहित आहेत आणि त्यांचे पती हयात आहेत हे ठाऊक हवं. ठाऊक नाही म्हणून 'श्रीमती' लिहावं, तर सरकारी वापरात तो शब्द सगळ्या स्त्रियांसाठी चालत असला तरी जुन्या पिढीच्या अनेक मराठी घरांत 'श्रीमती' म्हणजे विधवा असाच अर्थ घेतला जातो. 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी, हे तर उघडच वैधव्य सांगणारं होतं आणि आज ते लिहिण्याचं काही कारण नाही.

सुटका सोपी आहे. मेलमध्ये पाकिटावरचा पत्ता नसतो, त्यामुळे नाव आणि नावाआधीची उपाधी लिहायची गरजच पडत नाही. 'आदरणीय बाई,' एवढं लिहिलं की काम झालं. एकाच मेलमध्ये दोन बाई असतील तर आडनावाने वेगळं करा : 'आडनाव + बाई'. आमंत्रणपत्रिकेत पूर्ण नाव छापायचंच असेल तर त्या स्वतः नाव कसं लिहितात ते बघा. त्यांच्या सहीत 'सौ.' असेल तर 'सौ.', 'डॉ.' असेल तर 'डॉ.', आणि काहीच नसेल तर आपणही काही लावू नये.

३. नमस्कार : एका कान्याचा फरक

मायन्याच्या खालची ओळ बहुतेक जण कुठून तरी उचलतात, आणि तिथे ही चूक ठरलेली :

- सा. न. वि. वि. : साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मोठ्यांना.
- स. न. वि. वि. : सप्रेम नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्यांना, स्नेह्यांना.
- शि. सा. न. : शिरसाष्टांग नमस्कार. आईवडील, आजीआजोबा, गुरू.
- अ. उ. आ. : अनेक उत्तम आशीर्वाद. हे मोठ्यांनी लहानांना द्यायचे असतात.

'सा.' आणि 'स.' यांत एक काना आहे, पण तेवढ्याने बाई तुमच्या वर्गमैत्रीण होतात. चौथी ओळ चुकून वर गेली तर तुम्ही आजोबांना आशीर्वाद देऊन मोकळे होता. 

संक्षेप कशाचा आहे हे सांगता येत नसेल तर तो वापरू नये असं माझं मत आहे. 'सादर नमस्कार.' किंवा 'सविनय नमस्कार.' पूर्ण अक्षरांत लिहिलं की कुठेच अडत नाही. 'वि. वि.' लिहिणार असाल तर एक लक्षात ठेवा : 'विनंती विशेष' म्हणजे विनंती अशी की, आणि तिथून लगेच कामाचा मजकूर सुरू होतो. त्याच्यापुढे 'कसे आहात, मजेत ना?' आलं की जोड उसवते. प्रकृतीची चौकशी करायचीच असेल तर वर 'सा. नमस्कार' एवढंच ठेवा.

४. 'तू', 'तुम्ही' की 'आपण' : एकदा ठरवा आणि सोडू नका

शिक्षक आणि घराबाहेरच्या वडीलधाऱ्यांना 'आपण' किंवा 'तुम्ही', दोन्ही चालतं. 'आपण'मध्ये औपचारिकता जास्त, 'तुम्ही'मध्ये जवळीक जास्त. ज्या आजीला जन्मभर 'तू' म्हटलं तिला मेलमध्येही 'तू'च लिहा. मायना 'ती. आजीस, शि. सा. नमस्कार' आणि पुढे 'तुझी तब्येत कशी आहे?' हे मराठीत अगदी सहज आहे. तिला एकाएकी 'आपण' केलंत तर तिला वाटेल, भांडण झालं की काय.

'आपण' निवडलंत तर दोन खड्डे आहेत. पहिला क्रियापदाचा. 'आपण याल', 'आपण सांगाल' म्हणजे समोरची व्यक्ती. 'आपण येऊ', 'आपण सांगू' म्हणजे मी आणि तुम्ही मिळून. 'आपण शनिवारी भेटू शकतो का?' असं बाईंना लिहिलं तर ते मैत्रिणीला विचारल्यासारखं होतं. 'शनिवारी आपल्याला भेटायला येऊ का?' असं लिहा.

दुसरा खड्डा 'आपला'चा. मराठीत 'आपला' म्हणजे 'तुमचा'ही होतो आणि कर्त्याचा स्वतःचाही. 'मी आपला अर्ज जोडला आहे' यात अर्ज कुणाचा? तुमचा असेल तर सरळ 'माझा अर्ज' लिहा. 'आपल्या वर्गात' लिहिलं की बाईंचा वर्ग की आपल्या सगळ्यांचा, हे कळत नाही. 'मी आपल्याकडे मराठी शिकले' म्हटलं की गोंधळ संपतो.

आणि भाषेचा पोतही एकच ठेवा. 'आपणास नम्र विनंती आहे की तुमचं पत्र लवकर हवंय' यात अर्धं वाक्य मंत्रालयातून आलं आहे आणि अर्धं कट्ट्यावरून. 'केले, पाहिजे, आहे' असं लिहिणार असाल तर शेवटपर्यंत तसंच. 'केलं, हवंय' असं बोलीत लिहिणार असाल तर मग 'आपणास' नको.

५. मागणं कसं मांडायचं

नुसतं 'पत्र पाठवावे' हे सोसायटीच्या नोटीसबोर्डावर शोभतं : 'पाणी जपून वापरावे'. त्यालाच शेपूट जोडलं, 'पत्र पाठवावे ही विनंती', की ते आदराचं होतं. त्याहून मऊ म्हणजे प्रश्न : 'पत्र लिहून द्याल का?' या प्रश्नात नाही म्हणायला जागा राहते.

'चालेल' हा शब्द मात्र जपून. 'बुधवारी दिलंत तरी चालेल' असं लिहिताना तुमच्या मनात सवलत असते, पण वाचणाऱ्याच्या कानाला तुम्ही त्यांना परवानगी देता आहात असं येतं. परवानगी मोठ्यांनी द्यायची. 'बुधवारपर्यंत मिळाले तर मला पुरेसा वेळ राहील' असं म्हटलं की मुदतही सांगितली जाते आणि पायरीही सुटत नाही.

६. समारोप : तीन ओळींची जागा

शेवटाचे तीन तुकडे असतात. एक निरोपाचं वाक्य, मग 'आपला/आपली' असं नातं सांगणारी ओळ, आणि मग नाव.

निरोपाच्या वाक्यात 'कळावे, लोभ असावा ही विनंती' हे अजूनही उत्तम आहे. काका-मावशींना, जुन्या शिक्षकांना ते आवडतं, कारण त्यात तुम्ही त्यांची माया मागता. नुसतं 'कळावे' लिहून थांबू नका. ते समज दिल्यासारखं होतं. कामाच्या मेलमध्ये 'आपली आभारी आहे' पुरेसं आहे. वृद्धांना 'प्रकृतीस जपावे' लिहा. 'टेक केअर'चं 'काळजी घ्या' चुकीचं नाही, पण ते आता बँकेच्या मेसेजमध्येही असतं.

टाळायचं एक वाक्य म्हणजे 'आगाऊ धन्यवाद'. इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून आणलेलं हे वाक्य आहे. त्यात समोरच्याने हो म्हणण्याआधीच तुम्ही ते गृहीत धरता, आणि मराठीत 'आगाऊ' म्हणजे शिष्टपणाने पुढे पुढे करणाराही. बाईंनी ते त्याच अर्थाने वाचलं तर तक्रार करता येणार नाही.

नातं सांगणाऱ्या ओळीत बहुतेकांना 'आपला विश्वासू' एवढंच आठवतं. ते अर्जाला आणि व्यवहाराच्या पत्राला ठीक आहे. शिक्षकांना 'आपला विद्यार्थी' किंवा 'आपली विद्यार्थिनी' यासारखं दुसरं काही नाही. 'आज्ञाधारक' शाळेतल्या रजेच्या अर्जात राहू द्या. तिशीतल्या माणसाने ते लिहिलं की थोडं विनोदी वाटतं. 'स्नेहांकित' बरोबरीच्यांसाठी. आणि लिंग तपासा : साचा उचलून खाली 'आपला नम्र' आणि त्याखाली मुलीचं नाव, ही चूक फार दिसते.

नावाआधी स्वतःला 'श्री.' किंवा 'सौ.' लावू नका. नावाखाली तुकडी आणि वर्ष लिहा. तीस वर्षं शिकवलेल्या बाईंना नावावरून चेहरा आठवेलच असं नाही.

७. एक मेल आधी आणि नंतर

समजा, दादरच्या एका कॉलेजातून तीन वर्षांपूर्वी पदवी घेतलेली मुलगी मराठीच्या बाईंकडे शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र मागते आहे. पहिला खर्डा असा :

> विषय : अर्जंट!! शिफारसपत्र
>
> प्रिय मॅडम,
> स. न. वि. वि.
> आशा आहे की आपण मजेत असाल. मी आपला अर्ज सोबत जोडला आहे. तुम्ही शिफारसपत्र २० जूनच्या आत पाठवावे. १९ ला दिलं तरी चालेल. आगाऊ धन्यवाद.
> आपला विश्वासू,

वर्गात ती त्यांना 'बाई' म्हणत असे, म्हणून 'मॅडम' गेलं आणि त्याबरोबर 'प्रिय'ही. 'स.'चा 'सा.' केला. 'वि. वि.' काढलं, कारण त्याच्यापुढे लगेच विनंती आलेली नाही. 'आपण' आणि 'तुम्ही' यांतलं 'आपण' ठेवलं, कारण बाईंशी संबंध वर्गापुरताच होता. 'आपला अर्ज'चा 'माझा अर्ज' झाला. आज्ञेचा प्रश्न केला. मुदत 'चालेल'मधून बाहेर काढून सरळ सांगितली. विषयातली दोन उद्गारचिन्हं गेली आणि त्यांच्या जागी तारीख आली, कारण घाई तारखेतून कळते. दुरुस्त मेल :

> विषय : शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्राची विनंती (मुदत २० जून)
>
> आदरणीय बाई,
> सा. नमस्कार.
>
> मी आपल्याकडे तीन वर्षे मराठी शिकले. शेवटच्या वर्षी बोलीभाषेवरचा माझा प्रकल्प आपण तपासला होता. आता मी एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज करते आहे आणि त्यासोबत शिक्षकांचे शिफारसपत्र द्यावे लागते. आपण ते लिहून द्याल का?
>
> अर्जाची मुदत २० जून आहे. पत्र १५ तारखेपर्यंत मिळाले तर मला पुरेसा वेळ राहील. माझा अर्ज, गुणपत्रिका आणि प्रकल्पाचा गोषवारा सोबत जोडला आहे. सध्या आपल्याला सवड नसेल तर तसे कळवावे ही विनंती, म्हणजे मी दुसरी व्यवस्था करीन.
>
> आपली आभारी आहे.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (पूर्ण नाव)
> तृतीय वर्ष कला, (वर्ष आणि तुकडी)

जोडलेल्या फायलींची नावंही मराठीत किंवा निदान ओळखू येतील अशी द्या. 'स्कॅन००४' उघडून बघायला लावणं हाही एक अनादरच.

८. उत्तर आल्यावर, आणि न आल्यावर

बाईंचं उत्तर बहुधा तीन शब्दांचं येतं : 'हो, पाठवते. आशीर्वाद.' त्याला अंगठ्याचं चित्र किंवा 'नोटेड' पाठवू नका. तसंच पूर्ण मायनाही परत नको. चालू संभाषणात दर वेळी साष्टांग घातला तर तो उपचार होतो. 'बाई, मनःपूर्वक आभार. पत्र मिळाले की कळवते.' एवढं पुरे. 

उत्तर आलंच नाही तर आठवडाभर थांबा. 'स्मरणपत्र' हा शब्द वीजबिलाचा आहे, तो विषयात घालू नका. 'आपण अजून उत्तर दिले नाही' असंही नको. त्यात दोष त्यांच्याकडे जातो. जुन्याच मेलला उत्तर म्हणून लिहा : 'आदरणीय बाई, सा. नमस्कार. माझी मागची मेल कदाचित आपल्यापर्यंत पोहोचली नसेल, म्हणून पुन्हा लिहिते आहे.' मेल पोहोचली होती हे दोघींनाही माहीत असतं. तरी वाक्य असंच लिहायचं. आणि मुदत चार दिवसांवर आली असेल तर मेल सोडा आणि फोन करा. दुपारी एक ते चार सोडून, कारण ती जेवणाची आणि वामकुक्षीची वेळ असते.